चावणारी पेटी

कानिफनाथ मिस्त्रीला जगात दोनच गोष्टींचा आदर होता. एक त्याचा मीटर आणि दुसरा त्या मीटरचा मालक. भिंगारच्या छावणीत विजेची कामं करणारे चार-पाच जण होते, पण मीटर एकट्या कानिफनाथाकडे. लढाई संपल्यावर एका गोऱ्या सार्जंटने विलायतेला परत जाताना तो त्याला दिला होता. काळ्या डब्यात काचेखाली सुई, खाली दोन बटणं आणि दोन तारा. व्होल्ट मोजा, अँपिअर मोजा, ओहम मोजा, तिन्ही कामं एकच यंत्र करायचं. मल्टीमीटर हा शब्द अजून भिंगारला पोचायचा होता. लोक नुसतं 'मिस्त्रीचा मीटर' म्हणत, आणि ते ऐकलं की कानिफनाथाची छाती दोन बोटं फुगायची.

या मीटरच्या जोरावर तो सगळ्यांना तुच्छ लेखायचा. दिवा लावून तपासणाऱ्या मिस्त्र्यांना तो 'दिवटे' म्हणायचा. मेसच्या खानसाम्याला विजेतलं काही कळत नाही म्हणून हसायचा, आणि ज्या साहेबांना सलाम ठोकायचा त्यांनाही पाठ फिरली की हसायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण बहुधा त्याच्यासारख्या कुणाला पाहूनच कुणीतरी केली असावी. मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काम त्याला येत होतं. येत असून न करणं हा त्याचा गुन्हा होता, आणि तो अडाणीपणापेक्षा वाईट.

सन सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात ऑफिसरांच्या मेसमधून त्याला बोलावणं आलं. बोलावणारा योहान बटलर. हा योहान भिंगारचाच, मेसचं स्वयंपाकघर, भांडीकुंडी, नोकरमाणसं सगळं त्याच्या हाताखाली. मेसमध्ये एक विलायती रेफ्रिजरेटर होता, पांढऱ्या चिनीमातीच्या मुलाम्याचा. नोकर त्याला बर्फाची पेटी म्हणत. त्या पेटीबद्दल तक्रार होती, आणि तक्रार करणारी होती केशरबाई.

केशरबाई मेसमध्ये झाडलोट करायची. रोज सकाळी शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसायची आणि मग पेटी पुसायची, दाराच्या निकेलच्या मुठीसकट. तीन आठवड्यांपूर्वी ती बटलरला म्हणाली की पेटी चावते. बटलरने स्वतः मूठ धरून पाहिली. त्याला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, त्याने पुन्हा मूठ धरली, पुन्हा काही नाही. मग एका सकाळी तिच्या हातातून फडकं उडालं, बादली लवंडली आणि पाणी जेवणघरापर्यंत गेलं. त्या दिवसापासून तिने पेटीला हात लावायचं साफ नाकारलं.

मेसमध्ये नाकारणं चालत नसे. मेसच्या कॅप्टनसाहेबांनी बटलरला दोन वाक्यांत सांगितलं होतं की पेटी बिघडली असेल तर मिस्त्रीकडून तपासून घे, आणि बिघडली नसेल तर बाई बदल. बाई बदलली की तिची खोलीही जाणार, कारण मेसच्या मागच्या चाळीतली ती खोली कामाबरोबर मिळालेली होती. खोलीत केशरबाईची लेक पुष्पावती होती, मिशनच्या शाळेत पाचवीत. खोली गेली की दोघींना खर्डा गावी दिराच्या दारात जाऊन पडावं लागणार होतं, आणि त्या दिराने तिला एकदा गोठ्यात झोपवलं होतं. म्हणजे त्या दिवशी कानिफनाथ मिस्त्री पेटी तपासायला आला खरा, पण त्याच्या एका शब्दावर एका बाईचं छप्पर टांगलेलं होतं. त्याला हे ठाऊक होतं. बटलरने दारातच सांगितलं होतं.

"मग सोपं आहे," कानिफनाथ म्हणाला. "बाईच बदला. मीटर कशाला घाण करायचा?"

"न्हाई मिस्त्री," योहान म्हणाला. "तुमी बगून सांगा. मला साहेबांपुढं उभं राहायचं हाय."

केशरबाई भिंतीला टेकून उभी होती. बारकी, काटक, पदर कमरेला खोचलेला. कानिफनाथाने तिच्याकडे न बघताच विचारलं, "कधीपासून चावते गं तुझी पेटी?"

"रंग दिला तवापासनं," ती म्हणाली.

कानिफनाथ एवढा हसला की त्याला खोकला आला. "ऐकलंत का बटलर? रंगाला दात फुटले! हिरव्या रंगाला! आता छावणीतली झाडं चावतील, मग दगड चावतील. सगळ्यांना मीच रंग दिलाय!"

पेटीपुरतं तरी त्यात खोटं काही नव्हतं. छावणीचा रिवाजच तसा. मोठ्या साहेबाची तपासणी आली की जे हलत नाही त्याला रंग द्यायचा. कुंड्यांना गेरू, रस्त्याकडेच्या दगडांना चुना, लोखंड दिसेल तिथे हिरवा तेलरंग. तीन आठवड्यांपूर्वी ब्रिगेडचे साहेब येणार म्हणून मेसमध्ये धांदल उडाली, तेव्हा पेटीचं मागचं यंत्र रंगवून घेण्याची हुशारी कानिफनाथानेच दाखवली होती. रंगारी डबा घेऊन आले, याने खुर्ची टाकून हुकूम सोडले. कॉम्प्रेसरचा लोखंडी डबा, नळ्या, बोल्ट, पट्ट्या, सगळ्यावर दोन-दोन हात. ब्रिगेडच्या साहेबाने पेटीमागे डोकावून 'व्हेरी स्मार्ट' म्हटलं होतं. ते दोन शब्द कानिफनाथ अजून चघळत होता.

तर तो कामाला लागला. आधी भिंतीतला प्लग काढला, ते बरोबरच. मग पेटी पुढे ओढून मागे बसला आणि ज्यांना विजेतलं ओ की ठो कळत नाही अशा दोघांपुढे व्याख्यान सुरू केलं. श्रोता जितका अडाणी तितका याचा आवाज मोठा.

"हा डबा बघा बटलर. ह्याच्या पोटात मोटर आणि पंप, दोन्ही कायमचे बंद. फोडून बघता येत नाही. बाहेर येतात फक्त हे तीन खिळे. म्हणजे नाडी बघूनच रोग ओळखायचा. पोटात दोन कॉइली. एक चालवायची, एक सुरू करायची. दोघींचं एकेक टोक एकाच खिळ्याला जोडलेलं. म्हणून खिळे तीन."

झाकणाची पट्टी काढून त्याने खिळ्यांवरच्या तारा सोडवल्या आणि सुरुवातीचा धक्का देणारी रिलेची डबी बाजूला केली. हेही बरोबर. तारा तशाच ठेवून मोजलं तर मीटर कॉइलबरोबर आणखी दहा गोष्टी मोजतो. मग मीटर ओहमवर लावला, दोन टोकं एकमेकांना भिडवली. सुई डावीकडून उजवीकडे झेपावली आणि शून्याच्या अलीकडे थांबली. बटण फिरवून त्याने तिला नेमकी शून्यावर आणली.

"आता बघा. ह्या दोन खिळ्यांत अकरा ओहम. ही चालवायची कॉइल, जाड तारेची, म्हणून कमी. ह्या दोघांत अडतीस. ही सुरू करायची, बारीक तारेची. आणि टोकाच्या दोघांत किती यायला पाहिजेत?"

योहानने डोकं खाजवलं.

"अकरा न् अडतीस किती?"

"एकुणपन्नास," भिंतीकडून केशरबाई म्हणाली.

कानिफनाथाला ते आवडलं नाही. त्याने टोकं लावली. सुई एकोणपन्नासाच्या रेघेवर येऊन थांबली.

"बेरीज जुळली. कॉइल तुटलेली असती तर सुई जागची हलली नसती. आतल्या आत वेढे चिकटून शॉर्ट झाली असती तर अकराच्या जागी पाच-सहा आले असते आणि बेरीजही तेवढीच घटली असती. दोन्ही नाही. राहिलं काय? कॉइल बॉडीला लागलीय का. म्हणजे तारेवरचं वेष्टण जळून ती आतून डब्याच्या लोखंडाला टेकलीय का. तशी टेकली तर सगळ्या पेटीत वीज उतरते. मशीन मात्र चालत राहतं, फिरत राहतं, कुणाला पत्ता लागत नाही."

इतकं त्याला येत होतं. शाळेतल्या पोराला पाठ असावं तसं येत होतं. त्याने मीटरचं बटण वरच्या मापावर नेलं, तारेचा चिमटा मधल्या खिळ्याला लावला आणि दुसऱ्या तारेचं टोक कॉम्प्रेसरच्या डब्यावर टेकवलं. त्या हिरव्यागार, चकचकीत, दोन हात रंग दिलेल्या डब्यावर.

सुई हलली नाही.

हलणार कशी? तेलरंगातून वीज जात नाही, हे विजेच्या मिस्त्रीला सांगावं लागत असेल तर त्याने सरळ पानाची टपरी टाकावी. बॉडी बघताना आधी चाकूने रंग खरवडायचा, खाली कोरं लोखंड चमकेपर्यंत, आणि मग टोक लावायचं. हे त्याला सार्जंटने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण खरवडायचं म्हणजे 'व्हेरी स्मार्ट' म्हटलेल्या रंगाला ओरखडा काढायचा. आणि तोही कुणासाठी, तर झाडूवालीसाठी. चाकू खिशातच राहिला. पुढे येऊन निकेलच्या मुठीला टोक लावलं असतं तरी कळलं असतं, तिथे रंग नव्हता. पण मूठ पुसणं हे बाईचं काम, तिकडे मिस्त्री कशाला जाईल?

"कॉइल ठणठणीत," तो म्हणाला. "तुटली नाही, शॉर्ट नाही, बॉडीला नाही. दोष पेटीत नाही बटलर. दोष हिच्या हाडात आहे. काम चावतंय हिला."

"मिस्त्री, मी खोटं न्हाई बोलत," केशरबाई म्हणाली. "मुंग्या न्हाई येत नुसत्या. खांद्यापातुर झटका बसतो."

"मग वैद्याला दाखव. मी यंत्रं बघतो."

योहान बटलर वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही वर साहेब होता आणि घरी पाच तोंडं होती. त्याने मान खाली घातली. "केशरबाई, म्या काय करू? मिस्त्रीनं मीटर लावला. शनवारपातुर खोली खाली कर. पोरीचा दाखला लागंल तर मी मास्तरला सांगतो."

केशरबाई रडली नाही. तिने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा मीटरकडे, आणि फडकं बादलीच्या कडेवर टाकून ती मागच्या दाराने बाहेर गेली. योहान तिच्यामागे गेला, बहुधा आणखी काही समजुतीचं बोलायला. स्वयंपाकघरात कानिफनाथ एकटा उरला.

तो खुशीत होता. आवराआवर करताना शीळ घालत होता. खिळ्यावरचा चिमटा तसाच होता, आणि दुसऱ्या तारेचं टोक त्याने निष्काळजीपणे बाजूला भिरकावलं. टोक पितळेचं, अणकुचीदार. ते डब्यावर आपटून घसरलं, रंगावर एक लांब ओरखडा निघाला, आणि टोक त्या ओरखड्यातच अडकून राहिलं.

सुईने उडी मारली. पार उजवीकडे, शून्याच्या शेजारी.

कानिफनाथाची शीळ थांबली. त्याने टोक उचललं, सुई मागे गेली. रंगावर टेकवलं, हलली नाही. ओरखड्यात टेकवलं, पुन्हा शून्याच्या शेजारी. चिमटा दुसऱ्या खिळ्याला लावला, तेच. तिसऱ्याला लावला, तेच. कॉइल बॉडीला लागली होती. चांगली गच्च लागली होती.

मग त्याची नजर भिंतीकडून येणाऱ्या अर्थिंगच्या तारेकडे गेली. ही तार कधीकाळी त्यानेच ओढली होती. पेटीत वीज उतरली तर ती मुकाट जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा म्हणून, यंत्राच्या नळीवर चिमटीने आवळलेली. रंगाऱ्यांनी रंगवायच्या वेळी ती चिमटी काढली होती आणि रंग वाळल्यावर, त्याच्याच हुकमाने, पुन्हा आवळली होती. नळीवर. रंगावर. म्हणजे अर्थिंग नावाला होतं. त्यानंतर लगेच कधीतरी कॉइल जळली असणार, आणि फ्यूज काही उडाला नाही. इतके दिवस वीज बाहेर जायला वाटच नव्हती, ती पेटीच्या मुठीत येऊन बसत होती आणि वाट बघत होती ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहणाऱ्या माणसाची. योहान बटलरच्या पायात बूट, साहेबांच्या पायात बूट, खानसाम्याच्या पायात जाड वहाणा. अख्ख्या मेसमध्ये अनवाणी एकटी केशरबाई.

रंग दिला तवापासनं, असं ती म्हणाली होती. अक्षरशः खरं होतं ते. नकार देईपर्यंत तिने रोज त्याच्या रंगाचा झटका खाल्ला होता.

आता इथे एखादा सरळ माणूस असता तर मागच्या दाराशी गेला असता आणि हाक मारून म्हणाला असता, बाई थांब, माझं चुकलं. सहा शब्दही लागले नसते. कानिफनाथाने काय केलं? त्याने आधी दाराकडे बघितलं. मग अंगठ्यावर वंगण घेतलं, त्यात जरा काजळी कालवली आणि ओरखडा लिंपून टाकला. कानिफनाथाचा राग आधीही येत होता, पण माणसाची किळस यावी ती इथे.

त्याचं डोकं मात्र भराभर चाललं होतं. आज काही बोलायचं नाही. महिनाभराने आपणच यायचं, कॉइल नुकतीच गेली म्हणायचं, नवं यंत्र मागवायचं. अर्थिंगची चिमटी आत्ता खरवडून नीट लावली तर प्लग घालताच फ्यूज उडेल आणि बिंग फुटेल, म्हणून तीही तशीच. तोवर नवी बाई येईल. तिलाही चावलं तर? तीही बाईच. ती काही मोजायला मीटर आणणार नाही.

त्याने रिले बसवली, तारा जोडल्या, पट्टी लावली, पेटी जागेवर ढकलली आणि प्लग घातला. पेटी गुणगुणू लागली. इतक्यात योहान परत आला, आणि त्याच्यामागे केशरबाई. तिच्या हातात काही नव्हतं. ती दारातच थांबली.

"मिस्त्री," योहान म्हणाला, "बाई एक म्हणती. मला त्यात काय वावगं दिसत न्हाई."

"काय म्हणते?"

"ती म्हणती, सगळे बूट घालून बगत्यात. मिस्त्रीला म्हणावं, बूट काढा, फरशीवर पानी टाका आन् मूठ धरा. काय झालं न्हाई तर ती उद्याच खोली सोडती, शनवारची वाट बगत न्हाई. पोरीचा दाखला बी मागत न्हाई."

दहा मिनिटांपूर्वी हे सांगितलं असतं तर कानिफनाथाने हसत हसत बूट काढले असते. मूठ धरली असती आणि झटका खाऊन का होईना शहाणा झाला असता. आता तो हसला, पण हसू ओठांच्या पलीकडे जाईना.

"मी? झाडूवालीच्या सांगण्यावरून बूट काढू?"

"तिच्या नगं. माज्या सांगन्यावरनं काढा," योहान म्हणाला. "साहेबाला सांगताना मला बी बरं. मिस्त्रीनं सोता हात लावून दाकवला म्हनीन."

"मीटर लावला ना! मीटरपेक्षा माझा हात मोठा आहे का?"

"न्हाई. पर तुमचा हात लागायला एक घडी लागती."

केशरबाई पुढे आली. तिने बादली उचलली आणि पेटीपुढच्या फरशीवर पाणी ओतलं. पाणी शहाबादीवर पसरत कानिफनाथाच्या बुटांपर्यंत गेलं. तो एक पाऊल मागे सरला. कुणीही सरलं नसतं अशा वेळी सरला. पाणी बुटाला लागून काय होणार होतं? योहानने ते पाऊल पाहिलं.

"काढा की," योहान हळू म्हणाला.

माघार घेतली तर पकडला जाणार होता, म्हणून कानिफनाथ खाली वाकला. एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडायला त्याला फार वेळ लागला. दोन्ही बूट हातात धरून तो पाण्याच्या कडेला, कोरड्या फरशीवर उभा राहिला. भोकं पडलेले मोजे त्याच्या पायात तसेच होते.

"मोजे बी," केशरबाई म्हणाली.

त्याने मोजे काढले. पेटी गुणगुणत होती. मूठ चकाकत होती, कारण हात लावायचं सोडेपर्यंत केशरबाईने ती रोज पुसली होती. कानिफनाथाने उजवा पाय पाण्यात टाकला, मग डावा. फरशी गार होती. हात पुढे केला. मुठीपासून वीतभर अंतरावर बोटं आली आणि थांबली. तो पुन्हा पुढे सरकवायला गेला, पण कोपर ऐकेना.

"मिस्त्री?" योहान म्हणाला.

कानिफनाथाने वर पाहिलं नाही. त्याचा हात वळला, मुठीला वळसा घालून भिंतीकडे गेला आणि त्याने प्लग उपसून काढला. गुणगुण बंद पडली.

योहान पेटीमागे गेला, गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ बघत राहिला. बोटाने त्याने डब्यावरचं वंगण पुसलं. खाली कोऱ्या लोखंडाची रेघ निघाली. त्याला ओहम कळत नव्हता, पण कुणी काय लपवतं ते कळण्यापुरतं त्याने मेसमध्ये वीस वर्षं काढली होती.

"हे तुमाला कवा कळलं?" त्याने विचारलं.

"आत्ता," कानिफनाथ म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं की योहानच्या बोटाला लागलेली काजळी हे खोटं पाडतेय. "बाई बाहेर गेली तेव्हा."

"आन् तुमी पेटी चालू करून दिली. आमच्या हवाली."

एरवी ज्याच्या तोंडाला दिवसभर उसंत नसायची तो माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा होता. बूट आणि मोजे एका हातात, दुसऱ्यात उपसलेला प्लग. योहान उठला. "साहेबाला मी सांगतो. कॉइल बॉडीला लागलीय म्हनून सांगतो, आन् बाकीचं बी सांगतो. केशरबाई, खोली खाली करायचं इसर."

केशरबाईने मान हलवली. तिला आनंद झाला असेल, पण तो तिने या माणसापुढे दाखवला नाही. तिने फडकं पिळलं, गुडघ्यावर बसली आणि पाणी टिपत टिपत कानिफनाथाच्या पायांपर्यंत आली. तिथे थांबून तिने वर पाहिलं. रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीकडे बघावं तसं.

"सरा मिस्त्री," ती म्हणाली. "मला फरशी पुसायची हाय."